ळ ला ल म्हणणार नाही

प्रुफं आली त्या दुपारी मी सगळ्यात आधी शेवटची पानं उघडली. इंग्रजी पुस्तकाची सूची शेवटी असते आणि आमच्या पुस्तकाचा जीव सूचीतच होता. दिग्रसच्या आसपासच्या एका गावातल्या आणि त्याला लागून असलेल्या बंजारा तांड्यातल्या वावरांची नावं, ती कशी पडली, कोणी ठेवली, एवढंच त्या पुस्तकात होतं. दिल्लीच्या एका प्रकाशनानं ते आपल्या इतिहासाच्या मालिकेत घेतलं होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. पुस्तकावर माझ्याबरोबर ज्यांचं नाव आहे ते सर भूगोल शिकवतात आणि त्याच तांड्यात वाढलेले आहेत.

सूचीत मी M पाशी आले आणि थांबले. Malpatti असं एकच नाव होतं. त्याच्यापुढे आमच्या दोन वेगवेगळ्या प्रकरणांचे पानक्रमांक एका ओळीत स्वल्पविराम देऊन बसवले होते.

आमच्या पुस्तकात दोन पट्ट्या आहेत. एक माळपट्टी. गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड, तूरही जिथं कमरेच्या वर जात नाही अशी माळाची जमीन. दुसरी मालपट्टी. नाल्याच्या खाली, जुन्या विहिरीजवळ, सपाट. बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरस्तीला तांड्यातले लोक लदेणी म्हणतात. लदेणीचे बैल त्या विहिरीजवळ थांबत, माल उतरवला जाई, म्हणून ती मालपट्टी. आज तांड्यातली माणसं कापूस आणि सोयाबीन पिकवतात. त्यांच्या त्या जुन्या धंद्याची आमच्या नकाशावरची एकमेव खूण म्हणजे मालपट्टी.

आणि आता शब्दार्थाच्या पानावर लिहिलं होतं की Malpatti म्हणजे खडकाळ उंचवट्यावरची जमीन. म्हणजे आमच्या पुस्तकाप्रमाणे बंजाऱ्यांनी आपले तहानलेले बैल पाण्याचा थेंब नसलेल्या माळावर नेऊन उतरवले होते.

मी नकाशाचं पान काढलं. तिथंही एकच नाव, वरच्या अंगाला. नकाशा नीट करणाऱ्यानं समासात टीप लिहिली होती की हे नाव चुकून दोनदा पडलं होतं, त्यामुळे खालचं काढलं आहे.

मी सरांना फोन केला. ते शाळेतून सुटून सरळ घरी आले. नकाशा त्यांनीच काढला होता, प्रत्येक बांधावरून स्वतः चालून. त्यांनी त्या पानावर विहिरीच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, यायनं आमची जागाच पुसून टाकली की."

"पुसली नाही," मी म्हटलं, "टिंब काढलं. टिंबाबरोबर जागा गेली."

झालं असं होतं. आम्ही नावं रोमन लिपीत देताना खुणांसह दिली होती. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, ट, ड, ण यांच्या रोमन अक्षरांखाली टिंब, आणि ळ साठी टिंब असलेला l, म्हणजे ḷ. माळपट्टी Māḷpaṭṭī आणि मालपट्टी Mālpaṭṭī. प्रकाशनाच्या संपादिकेनं "वाचकांच्या सोयीसाठी" सगळी टिंबं आणि रेघा काढून टाकल्या. इकडचा ळ आणि तिकडचा ल, दोन्ही साधे l. दोन वावरं, एक स्पेलिंग. सूची करणाऱ्याची चूक म्हणता येईना. त्याच्या समोर दोन नावं आलीच नव्हती.

मी त्याच संध्याकाळी संपादिकेला लिहिलं की टिंबं परत हवीत. तिचं उत्तर सभ्य होतं. मालिकेचं धोरण असं आहे, सर्वसामान्य वाचक टिंबांना बुजतो, शिवाय तुमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा जग साध्या l नं लिहितं. Yavatmal.

खरं होतं ते. यवतमाळ, कळंब, राळेगाव, केळापूर, बाभुळगाव. आमचा जिल्हा ळ नं भरलेला आहे आणि त्यातला एकही ळ रस्त्यावरच्या इंग्रजी पाटीवर दिसत नाही. पण आम्ही हा प्रश्न आधीच सोडवला होता. ज्या गावांचं इंग्रजी स्पेलिंग रूढ आहे ती मजकुरात रूढ स्पेलिंगनं, आणि सूचीत एकदा पूर्ण खुणांसह. यवतमाळला दुसरं यवतमाल नाही. कोणी गोंधळत नाही. वावरांना कुठलं रूढ स्पेलिंग असणार? ती रोमन लिपीत आयुष्यात पहिल्यांदा आमच्याच हातून जात होती. पहिल्यांदा जाताना चुकीची गेली की तीच रूढ होणार.

सर मात्र दुसऱ्या दिवशी जरा नरमले होते. "मॅडम, एक म्हणू का? ळ साठी मोठा L लिहू. पोट्टे मोबाईलवर तसंच टाइप करतात. त्यायले टिंबं बी नको, आपल्याले ळ बी भेटते."

"आणि नकाशावर?" मी विचारलं. "नकाशात ठळक नावं सगळी मोठ्या अक्षरात आहेत. MALPATTI लिहिलं की कुठला L मोठा आणि कुठला आणखी मोठा?"

ते हसले. "हे तं ध्यानातच नाई आलं."

मग हसू मावळलं आणि ते म्हणाले, "पुस्तक लांबणार मॅडम. माही याडी थकली हाये. तिच्या हातात पुस्तक द्यायचं होतं." याडी म्हणजे आई. मालपट्टीची हकीकत आम्हाला त्यांच्या याडीनंच सांगितली होती.

त्यांचं म्हणणं काही भित्रेपणाचं नव्हतं. माझ्या हट्टाची किंमत त्यांच्या घरातून जाणार होती. मी एवढंच म्हटलं की एकदा बोलून बघते, नाहीच झालं तर तुम्ही ठरवा.

संपादिकेशी व्हिडिओवर बोलणं झालं. ती तिशीची, हुशार, आपल्या कामात चोख मुलगी. हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायची. तिनं तयारी केली होती.

"मॅम, तुमचा ḷ आमच्या मालिकेत आधीच वापरात आहे," ती म्हणाली. "आमची पद्धत संस्कृतच्या पुस्तकांवरून आली आहे. तिच्यात टिंबवाला l म्हणजे ऌ, तो स्वर. आणि टिंबवाला r म्हणजे ऋ. एकाच मालिकेत एका खुणेचे दोन अर्थ कसे ठेवायचे?"

हा मुद्दा खरा होता आणि मला तो आवडला. निदान ती 'वाचक बुजतो' सोडून कामाचं बोलत होती.

"ऌ मराठीत किती शब्दांत येतो, सांगू?" मी म्हटलं. "क्लृप्ती. दुसरा शब्द मला शोधावा लागेल. आणि आमच्या पुस्तकात एकाही वावराचं नाव क्लृप्ती नाही. ळ मात्र पानोपानी आहे. एका शब्दाच्या स्वरासाठी माझ्या सगळ्या माळांची, गाळांची, बाभळींची जागा अडवून ठेवायची का?"

"मग ळ साठी खाली टिंबाऐवजी रेघ देऊ. ḻ. वेदांतल्या ळ साठी काही जण देतात."

"ती रेघ तमिळनं घेतली आहे. त्यांच्याकडं ळ सारखा एक आणि त्याहून वेगळा आणखी एक वर्ण आहे, त्या दुसऱ्यासाठी. भारतातल्या सगळ्या लिप्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तिच्यात हे वाटप झालेलं आहे. ळ ला टिंब. ऋ आणि ऌ ला खाली बारीक वर्तुळ. टिंबवाला r हा हिंदीतल्या नुक्त्याच्या ड़ साठी. आमच्या पुस्तकात 'पड़ाव' हा शब्द आहे, लदेणीचा मुक्काम. तुमच्या पद्धतीनं त्याच्यात ऋ बसेल. ती एक पद्धत पूर्ण घ्या, सगळं सुटतं. अर्धी ही अर्धी ती घेतली की भांडण."

ती लिहून घेत होती. मग तिनं मान वर केली. "मॅम, राग मानू नका. तुमच्या स्वतःच्या आडनावात ळ आहे ना? तुम्ही ते साध्या l नं लिहिता. कराराच्या कागदावरसुद्धा."

ती बरोबर होती. माझं आडनाव शाळेच्या दाखल्यावरून बोर्डाच्या प्रमाणपत्रावर गेलं तेव्हा कोणी मला विचारलं नव्हतं, आणि नंतर प्रत्येक कागद आधीच्या कागदाशी जुळावा लागतो.

"ते माझं आडनाव आहे," मी म्हटलं. "त्याच्याबरोबर माझा फोटो असतो, सही असते, मी स्वतः जिवंत असते. कोणी चुकलं तर मी ओरडू शकते. वावर ओरडत नाही. पण तुम्हाला तेवढंच खटकत असेल तर मुखपृष्ठावर माझ्याही नावात टिंब द्या. मी तयार आहे."

"आणखी एक," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा सावध झाला. "तुम्ही हस्तलिखिताबरोबर पाठवलेलं तांड्यातलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. तिथं कोणी ळ म्हणतच नाही. ते लोक 'मायपट्टी' म्हणतात. मी समासात विचारलंय बघा, आईची पट्टी असा अर्थ घ्यायचा का? जो वर्ण तुमचे लोक उच्चारत नाहीत त्याच्या टिंबासाठी आपण मालिकेचं धोरण बदलायचं?"

ते ऐकून मला राग आला. तिचा नाही, त्या वाक्यातल्या 'तुमचे लोक' चाही नाही. राग आला तो माझ्याकडं त्या वेळी तयार उत्तर नव्हतं म्हणून. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया, केळ्याचं केयं. माझ्या स्वतःच्या आजीच्या तोंडी ळ नव्हता. शाळेत आम्ही तसं बोललो की बाई छडी उगारायच्या. ळ हा शुद्ध भाषेचा, आम्ही अशुद्ध. आणि आता त्याच ळ साठी मी भांडत होते आणि समोरची मुलगी मला सांगत होती की तो तर तुमचा नाहीच.

मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांबरोबर मोटरसायकलवर तांड्यात गेले. याडी ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. पाय सुजले होते, नजर मंद झाली होती, आवाज मात्र कणखर. सरांनी त्यांना गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघून कपाळाला आठी घातली आणि वऱ्हाडीत म्हणाल्या, "अजून इचारायचं राह्यलंच का बाई? किती खेपा सांगू?"

"एकदाच याडी." मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "दोन पट्ट्यांची नावं सांगा. वरची कोणती?"

"मायपट्टी."

"खालची?"

"मालपट्टी."

मी मुद्दाम चुकले. "खालची मायपट्टी ना?"

त्या चिडल्या. "कायले उलटंसुलटं करून राह्यली? वर माय हाये, तिथं गोटेच गोटे. खाली माल उतरे. मायावर माल कोन उतरवन? बैल मेले असते पान्यावाचून." मग सरांकडं वळून त्या गोरबोलीत बरंच बोलल्या. सर हसू दाबत होते.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते का येवढी शिकलेली बाई आन् इतलं साधं समजत नाई."

सरांच्या शेजारचे एक काका तिथंच उभे होते. त्यांचं वावर माळपट्टीत. त्यांना मी विचारलं की तुम्ही हे नाव कधी लिहिता का. ते म्हणाले, माती तपासायला देताना पिशवीवर लिहितो. लिहून दाखवा म्हटल्यावर त्यांनी सरांच्या पेननं माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, माळपट्टी. बोलताना य, लिहिताना ळ, आणि त्यात त्यांना काहीही अवघड वाटत नव्हतं.

परत येताना नाल्याच्या पुलावर सरांनी गाडी थांबवली. तिथून दोन्ही पट्ट्या दिसतात. वर भुरकट माळ, खाली विहिरीपाशी कपाशीची हिरवी पऱ्हाटी.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या माणसायनं ळ चा य केला. र बी केला असन कुठं. पण ल नाई केला. कोनीच नाई केला. ल ची जागा ल लेच ठेवली."

मला हवं होतं ते उत्तर हेच होतं. ज्यांच्या तोंडी ळ नाही तेसुद्धा ही दोन नावं वेगळी ठेवतात. ती एक करून टाकणारा सगळ्या प्रकरणात एकच होता, साधा l.

"आता माहं बी ऐका," सर म्हणाले. "तो नकाशा तसा छापला तं माहं नाव त्याच्यावर नको. याडीले मी तोंडी सांगीन का पुस्तक राह्यलं. पण तिची जागा मायावर दाखवलेलं पुस्तक मी तिच्या हातात देनार नाई."

त्यानंतरचं बोलणं संपादिकेशी एकटीशी झालं नाही. मालिकेचे प्रमुख संपादकही आले. वयस्कर, नावाजलेले प्राध्यापक, आवाज मऊ. त्यांनी आधी आमच्या कामाची भरपूर तारीफ केली. मग म्हणाले की खुणा सूचीत ठेवू, नकाशावर ठेवू, मजकुरात नको. मजकूर स्वच्छ दिसला पाहिजे.

"मजकुरातच तर नावं आहेत," मी म्हटलं. "तिथं Malpatti वाचणारा माणूस सूचीत गेला तर त्याला दोन नावं दिसतील. त्यातलं कुठलं त्यानं निवडायचं? उलटा गोंधळ."

"संदर्भावरून कळेल."

"तुमच्या सूचीकाराला कळलं नाही. नकाशावाल्याला कळलं नाही. दोघंही पगार घेऊन हेच काम करतात. वाचकाला कसं कळेल?"

"बाईसाहेब, स्थानिक अभिमान मी समजू शकतो. पण शेवटी हे एक टिंब आहे."

मी तांड्यातलं नवं रेकॉर्डिंग लावलं. याडींचा आवाज माझ्या खोलीतून दिल्लीला गेला. मायपट्टी. मालपट्टी. मग तो चिडलेला भाग. मायावर माल कोन उतरवन? त्यांना मराठी येत नव्हती, वऱ्हाडी तर दूरच. पण दोन नावं वेगळी आहेत हे ऐकायला भाषा यावी लागत नाही.

मी म्हटलं, "या आजी ळ म्हणत नाहीत, हे तुमचं खरं. त्या य म्हणतात. त्यासाठी आम्ही एक नियम लिहिला आहे. रोमन रूप हे लिहिलेल्या देवनागरीवरून, कारण लोक स्वतः तसं लिहितात. जिथं बोलण्यात फरक आहे तिथं बोललेलं रूप लगेच पुढं. Māḷpaṭṭī, बोलताना māypaṭṭī. सगळ्या पुस्तकात असंच, एकाही ठिकाणी वेगळं नाही. तुम्हाला टिंब नको असेल तर पुस्तक परत द्या. आम्हा दोघांचंही हेच म्हणणं आहे. आम्ही ते यवतमाळला छापू, साध्या कागदावर. पण दोन वावरांचं एक करून छापलेलं पुस्तक आमच्या नावानं निघणार नाही."

सर माझ्या शेजारी बसले होते. ते पुढं सरकले आणि हिंदीत म्हणाले, "सर, आपके यहाँ जिसको एक बिंदी बोलते हैं, हमारे यहाँ उसको पानी बोलते हैं. एक में है, एक में नहीं है."

प्रमुख संपादकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की आम्ही आपसात बोलून कळवतो.

कळवायला त्यांनी इतके दिवस घेतले की मी खरोखरच यवतमाळच्या एका छापखान्यात चौकशी करून आले. त्या मालकानं ḷ बघून विचारलं, "हे काय, अक्षराखाली माशी बसली का?" मी म्हटलं, बसू दे, हाकलू नका. तिथं सौदा जमण्याच्या बेतात असताना दिल्लीचं पत्र आलं. मान्य होतं. मजकूर, सूची, नकाशा, सगळीकडं. अट एकच, टिंबं तपासायचं काम आम्ही करायचं, कारण त्यांच्याकडं मराठी येणारं कोणी नाही.

ते काम सोपं असेल असं वाटलं होतं. नव्हतं. नवीन प्रुफात माळपट्टी एकाच पानावर दोन तऱ्हांनी आली, वर टिंबासह आणि खाली टिंबाशिवाय. मी संपादिकेला विचारलं. तिनंच शोधून काढलं. संगणकात ḷ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, टिंबासकट तयार असलेलं एकच अक्षर. दुसरा, साधा l आणि त्याच्यामागून वेगळं जोडलेलं टिंब. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात. माझ्या लॅपटॉपवरून पहिला प्रकार गेला होता, सरांच्या लॅपटॉपवरून दुसरा. टिंबं परत बसवताना त्यांच्या माणसानं एकच प्रकार शोधला आणि दुसरा तसाच राहिला. तिनं आधी सगळे एका प्रकारात आणले आणि मग पुन्हा सगळं पुस्तक माझ्याकडं आलं.

मी आणि सर माझ्या जेवणाच्या टेबलावर बसायचो. ते मूळ देवनागरी मोठ्यानं वाचायचे आणि मी रोमन बघायची. ते वऱ्हाडीत 'बाभईचं' म्हणाले की मी विचारायची, लिहिताना काय, आणि ते म्हणायचे, ळ. यवतमाळच्या शेवटच्या ळ मागं a नको, कारण आपण तो उच्चारत नाही, हे आम्ही एकदा ठरवलं आणि मग प्रत्येक नावाला तेच लावलं. मध्येच सर उठून नकाशावर बोट ठेवून बघायचे की खालच्या पट्टीचं नाव खाली आहे ना. एका जाड टाइपात टिंब अक्षराला चिकटून काळा डाग दिसत होता. त्यावरून संपादिकेशी पुन्हा एकदा वाजलं. तिनं टाइप बदलला. बदलल्यावर तिनं मला लिहिलं की आता मलाही टिंबाशिवायचं नाव उघडं वाटायला लागलंय. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण मला बरं वाटलं होतं आणि ते तिला कळावं असं मला वाटत नव्हतं. अजून सूची तपासायची होती.

पुस्तक आलं तेव्हा याडी होत्या. दिसत जवळजवळ नव्हतं. सरांनी नकाशाचं पान उघडून त्यांचं बोट धरलं आणि आधी वरच्या नावावर ठेवलं, मग खालच्या. गोरबोलीत दोन्ही नावं सांगितली. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यात माहा फोटो काहून नाई?" तेवढी एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. सर नंतर कितीतरी दिवस ते बोलून दाखवत.

सगळं जिंकलं असं नाही. मुखपृष्ठावर माझ्या आडनावात टिंब आहे, मी अडूनच ते घ्यायला लावलं. पण इंटरनेटवरच्या एका दुकानात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. माझी धाकटी बहीण म्हणाली, "हे काय करून ठेवलंस? जगभर तुझ्या नावात खिडकी." एका ग्रंथालयाच्या यादीत साध्या l नं शोधलं तर पुस्तक सापडत नव्हतं. त्यांना मी लिहिलं की शोधताना यंत्राला टिंब दुर्लक्षून बघायला सांगा, तशी सोय असते, पण दाखवताना टिंब दाखवा. शोधणाऱ्याला मोकळीक असू दे. छापणाऱ्याला नको. त्यांनी सोय केली. दुकानवाल्यांनी अजून केलेली नाही. मी दर थोड्या दिवसांनी त्यांना लिहिते.

यवतमाळला पुस्तकावर बोलणं झालं तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले की हा सगळा कीस पाडण्याचा प्रकार आहे, लोकांना पोटाचे प्रश्न आहेत. मी म्हटलं, लोकांना पोटाचे प्रश्न आहेत म्हणून त्यांच्या जागा चुकीच्या लिहिल्या तरी चालतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? तुमचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर चुकलं असतं तर तुम्ही पोटाच्या प्रश्नामुळे गप्प बसला असतात? सभागृहात थोडे लोक हसले. ते गृहस्थ नाही हसले. मीही नाही.

मध्यंतरी संपादिकेचा फोन आला. कोकणातल्या एका लेखकाचं पुस्तक तिच्याकडं आलंय. त्याला आपल्या गावाच्या नावात टिंब नको आहे, साधा l च हवा. "मॅम, तुम्ही त्यांना समजवाल का?"

"मी कशाला?" मी म्हटलं. "त्याचं गाव आहे. त्यानं ठरवू दे. फक्त त्याला विचार, त्या नावाचं दुसरं काही आहे का शिवारात, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो तसंच लिहिणार आहे का. दोन्हीचं उत्तर नीट आलं तर त्याला छळू नकोस."

"आणि नीट नाही आलं तर?"

"तर भांड," मी म्हटलं. "आता तुला येतं."